आजीच्या फोटोला मॅट की ग्लॉसी? गाल बघू की चंद्रकळा

खानापूरची नात
आजीला पुढच्या महिन्यात ८० पुरी होतायत, तिचा १२ बाय १८ चा फोटो फ्रेम करून द्यायचाय. खिडकीपाशी बसवून काढलाय, एक गाल उजेडात आणि दुसरा सावलीत, अंगावर तिची काळी चंद्रकळा. रिटच भाच्याने केलंय. बेळगावात दोन छोट्या प्रिंट काढून बघितल्या. ग्लॉसीवर साडी मस्त काळी आली पण सावलीतल्या गालावर ढग आल्यासारखे डाग दिसायलेत. मॅटवर गाल एकदम छान, पण साडी सगळी एकच राखाडी, चुण्याच गायब. कुठला कागद घेऊ?

निपाणीकर
ग्लॉसीच घ्या, विचारच करू नका. मॅटवर रंग मरतात आणि काळा तर कधीच काळा येत नाही. आमच्या घरात सगळे मोठे फोटो ग्लॉसीच हायत. डाग दिसतात तर ते भाच्याच्या कामातले हायत, कागदाला काय बोल लावता?

टिळकवाडी क्लिक्स
मी १४ वर्षं लग्नं करायलोय आणि पोर्ट्रेट असेल तर मॅटच देतो. ग्लॉसी फोटो हॉलमध्ये लावला की समोरची ट्यूबलाईट बरोबर चेहऱ्यावर नाहीतर साडीवर बसते, बघणारा माणूस मान वाकडी करून बघतोय. म्हाताऱ्या माणसाची कातडी मॅटवर मऊ दिसते, सुरकुत्या राहतात पण टोचत नाहीत. साडी थोडी फिकी झाली तर होऊ दे की, फोटो आजीचा आहे, साडीचा नाही.

चिकोडीची सून
माझं जरा वेगळंच आहे पण सांगते. सासऱ्यांचा ग्लॉसी फोटो काचेला अगदी टेकवून फ्रेम केला होता. दोन पावसाळे गेले आणि फोटो काचेला चिकटला, ओल्या नकाशासारखा पट्टा दिसायला लागला. काढायला गेले तर कपाळावरचा रंग काचेबरोबर आला. दुसरी फाईल नव्हती. तुम्ही तर खानापूरच्या, तुमच्याकडं आमच्यापेक्षा जास्त पाऊस, म्हणून मॅट घ्या.

शहापूर लॅबवाले काका
ताई, तुमचं नुकसान झालं ते वाईटच झालं, पण दोष काचेला टेकवण्याचा आहे. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट घातला, म्हणजे कडेनं जाड पुठ्ठ्याची चौकट, की फोटो काचेपासून सुटा राहतो. ग्लॉसी सगळ्यात लवकर चिकटतो हे खरं, पण ओल धरली तर बाकीचे कागदही खराब होतात, तेव्हा कुठलाही कागद असो, माउंट घालाच.

आता नातीचं. पहिला प्रश्न, तुम्हाला मॅट म्हणून दिलं ते नक्की काय होतं? आपल्याकडं लॅबमध्ये मॅट म्हटलं की बहुतेक वेळा बारीक दाणा असलेला लस्टर कागद देतात. तो ग्लॉसीचाच भाऊ, केमिकल तेच, नुसता वरचा पृष्ठभाग खरबरीत, त्यावर काळा बऱ्यापैकी टिकतो. दुसरा म्हणजे ग्लॉसी प्रिंटवर मॅट लॅमिनेशन. आणि तिसरा खरा मॅट, इंकजेटवाला, सुती किंवा जाड कागदासारखा, अजिबात चमक नसलेला. निपाणीकर आणि टिळकवाडीकर दोघं भांडायलेत ते बहुतेक वेगवेगळ्या कागदांवरून. प्रिंट खिडकीपाशी नेऊन तिरकी धरा. बारीक दाणे लुकलुकले तर लस्टर. वरून पातळ प्लास्टिकची फिल्म आणि कडेला तिचं टोक दिसलं तर लॅमिनेशन. कुठूनच चमक आली नाही तर खरा मॅट.

खानापूरची नात
काका, बघितलं. अजिबात चमकत नाही, हाताला ड्रॉइंगच्या कागदासारखा लागतोय.

शहापूर लॅबवाले काका
मग साडीचं कोडं सुटलं. उजेड ग्लॉसीवर पडला की आरशासारखा एकाच बाजूला परत जातो, तुम्ही त्या बाजूला उभ्या नसला तर काळा तुम्हाला खोल दिसतो. खऱ्या मॅटवर तोच उजेड सगळीकडं विखुरतो, त्यातला थोडा कुठंही उभं राहिलं तरी डोळ्यात येतोच, आणि काळ्यावर पातळ राखेचा थर बसल्यासारखं दिसतं. आकड्यात सांगायचं तर चांगल्या ग्लॉसीचा काळा शंभरातला पाऊण टक्का उजेडही परत देत नाही, मॅटचा अडीच टक्क्यांच्या आसपास देतो, म्हणजे तिप्पट-चौपट. पांढरा दोन्हीकडं जवळजवळ सारखाच, त्यामुळं गालाला फार फरक पडत नाही, मार बसतो तो सावल्यांना. आजीच्या साडीतल्या चुण्या फाईलमध्ये ८ ते २० या आकड्यांमध्ये असतील, ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा धरून. मॅटवर तेवढ्या खालचं सगळं एकमेकांत मिसळतं.

निपाणीकर
म्हणजे मी म्हणालो तेच झालं की. मॅटवर काळा येत नाही.

शहापूर लॅबवाले काका
काळ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, रंग मरतात हे मात्र अर्धंच. मॅटवर गडद रंग दबतात, कातडीचे मधले रंग बऱ्यापैकी टिकतात. आणि एक लक्षात घ्या, ग्लॉसी काळा खोल दिसतो तो समोर खिडकी नसेल तर. समोर दार किंवा खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब सगळ्यात ठळक कुठं दिसतं? काळ्या भागात. आजीच्या चेहऱ्यात नाही दिसणार, चंद्रकळेत दिसणार. ज्या साडीसाठी ग्लॉसी घेतला त्या साडीतच खिडकीचे गज दिसत बसतील.

टिळकवाडी क्लिक्स
हेच तर मी सांगायलोय. मॅट घ्या म्हणजे गालाचे डागपण झाकतात आणि खिडकीपण दिसत नाही. ग्राहकाला कशाला डाग शोधत बसायला लावायचं?

शहापूर लॅबवाले काका
झाकतात, मान्य. पण डाग फाईलमध्ये राहतातच, उद्या हीच फाईल कुणी दुसऱ्या कागदावर काढली की परत वर येणार. सावलीतल्या गालावर ढग दिसतात तेव्हा दोन गोष्टी झालेल्या असतात. एक तर मोठ्या ब्रशनं उजेड-सावली सारखी करताना कुठं जास्त घासलंय कुठं कमी. दुसरं म्हणजे काही ठिकाणी कातडीची छिद्रं पुसून टाकलीत आणि शेजारी तशीच ठेवलीत. ग्लॉसीवर कपाळ कातडीचं आणि गाल मेणाचा दिसतो तो यामुळं. भाच्याला सांगा, सगळ्यात वर एक Curves लेयर घालून तो मुद्दाम एकदम उभा कर, कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढव आणि फोटो लहान करून लांबून बघ, ढग आपोआप दिसतील. मग ब्रशचा Flow ३-४ टक्के ठेवून हळूहळू सारखं कर आणि वरचा लेयर काढून टाक. जिथं छिद्रं पुसली तिथं मूळ फोटोतली कातडी परत आण. ८० वर्षांच्या बाईच्या गालाला छिद्रं नसतील तर कुठलाही कागद तिला वाचवत नाही.

आरसीनगर बॉय
काका, पण भाच्याचा लॅपटॉप फुल ब्राइटनेसवर असेल तर? माझं तसंच झालं होतं, स्क्रीनवर सगळं दिसत होतं आणि प्रिंट काळीकुट्ट आली. मग मी फोटो एकदम उजळ केला तर चेहराच पांढरा पडला.

शहापूर लॅबवाले काका
बरोबर ठिकाणी बोट ठेवलास. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परत देतो. ब्राइटनेस इतका खाली आण की शेजारी ठेवलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचा पांढरा साधारण सारखे दिसले पाहिजेत. आणि सगळा फोटो उजळ करायचा नाही, नुसत्या सावल्या उचलायच्या. भाच्यानं असं करावं. Curves मध्ये अगदी ० चा कोपरा हलवायचा नाही, त्याच्या जरा वरचा भाग उचलायचा, म्हणजे चुण्या ८ ते २० वरून साधारण २२ ते ४५ मध्ये येतील. चेहऱ्यावर मास्क लावून तो बाहेर ठेवायचा, नाहीतर सावलीतला गाल सपाट होतो आणि तुम्ही खिडकीशी बसवून जे कमावलं ते जातं.

मग १२ बाय १८ एकदम काढू नका. त्यातला ४ बाय ६ चा तुकडा कापा, अर्धा गाल अर्धी साडी येईल असा, आणि तो खऱ्या आकारात छापा. अख्खा फोटो लहान करून छापला तर छिद्रं आणि चुण्या कशा दिसणार ते कळतच नाही. तीन तुकडे, एक जसाच्या तसा, एक थोडा उचललेला, एक जास्त. ऑपरेटरला आधी सांगा, ऑटो करेक्शन बंद ठेव. नाहीतर मशीन प्रत्येक तुकडा आपल्या मनानं उजळ-गडद करतंय आणि सगळी टेस्ट वाया जाते. शाईच्या मशीनवर काढत असाल तर कागद मॅट निवडलाय ना तेवढं विचारा. चुकून ग्लॉसीचं सेटिंग राहिलं की शाईचं प्रमाण चुकतं, बऱ्याच मशीनवर काळी शाईही वेगळी पडते, आणि साडी आणखीच मातकट येते.

निपाणीकर
एवढं सगळं करण्यापेक्षा ग्लॉसी लावून खिडकी नसलेल्या भिंतीवर टांगला की झालं.

टिळकवाडी क्लिक्स
खानापुरातल्या जुन्या घरात सोप्यात फोटो लागणार, तिथं दार उघडं असतंय दिवसभर. भिंत कुठनं आणायची?

खानापूरची नात
सगळ्यांचे आभार. कालच तुकडे काढून आणले, मॅटवर तीन आणि लस्टरवर दोन. भाच्यानं गाल दुरुस्त केलाय, तीन तास बसला होता.

मॅटवर पहिला तसाच, साडी म्हणजे कोळशाचा गोळा. दुसऱ्यात खांद्यावरच्या चुण्या मोजता येतात, पदराचा काठ साडीपासून सुटा दिसतो आणि तरी साडी काळीच वाटते. तिसऱ्यात चुण्या अजून स्पष्ट, पण चंद्रकळा धुऊन धुऊन विटल्यासारखी. म्हणजे दुसरा बरोबर. लस्टरवर मात्र न उचललेलाच तुकडा बरा वाटला, उचललेला उगीच फिका. म्हणजे एका कागदासाठी केलेली फाईल दुसऱ्याला चालत नाही हे डोळ्यानं बघितलं. गालावर आता लस्टरवरसुद्धा ढग नाहीत, हनुवटीच्या खाली एक हलका तेवढा राहिलाय.

घरात मात्र दोन तट पडलेत. आईला मॅट हवा, ती म्हणते आजी समोर बसल्यासारखी वाटते. काकाला लस्टर हवा. आणि काच लावायचीच आहे, धूप-उदबत्तीचा धूर असतो तिथं.

शहापूर लॅबवाले काका
काच लावणार असाल तर मॅटचा अर्धा फायदा गेला, चमक आता काचेची दिसणार. आणि काच काळ्याला थोडं आणखी उजळ करते. मी असतो तर काचेखाली लस्टर घेतला असता.

टिळकवाडी क्लिक्स
मी नसता घेतला. काचेखाली पण मॅटवरची कातडी वेगळीच दिसते, लस्टरचा दाणा गालावर जवळून कळतोय. चमक न मारणारी काच मिळते, महाग पडते पण आजीसाठी एकदाच लावायची आहे.

शहापूर लॅबवाले काका
ती काच दोन प्रकारची असते बघा. खरबरीत केलेली असेल तर माउंटमुळं फोटोपासून लांब गेली की फोटो धुरकट दिसतो. कोटिंगवाली चालेल. घ्यायच्या आधी दुकानात मॅटचा दुसरा तुकडा माउंटसकट तिच्याखाली धरून बघा.

खानापूरची नात
शनिवारी दोन्ही तुकडे घेऊन फ्रेमवाल्याकडं जाते. माउंट किती जाड सांगू?

चिकोडीची सून
मी आता दोन मिलिमीटरचा घातलाय, तीन पावसाळे झाले, अजून सुटा आहे.