मदत हवी आहे: मामाच्या व्हॉइस नोटवरून विक्रीची जाहिरात कशी लिहू?

आरती_प
मामाला एक वस्तू विकायचीये आणि जाहिरात लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्याने एक लांबलचक व्हॉइस नोट पाठवलीये, एक सांगतो, मग ते खोडतो, मधेच दुसऱ्याच विषयावर जातो. मला नीट मथळे असलेली जाहिरात हवीये, स्थिती, दोष, सोबत काय मिळेल असं. मी ऐकत ऐकत लिहिलं तर सगळा काला झाला. आज रात्री टाकायचीये, पटापट सांगा प्लीज.

रिकामटेकडा
वस्तू कुठली ते सांगायचं राहिलंच की. सोफा आहे का मोटरसायकल?

सुमंत७
ऑडॅसिटीमधे फाइल उघडा, जिथे कोणी बोलत नाहीये तो तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल घ्या, मग सगळ्या फाइलला नॉइज रिडक्शन लावा. पंख्याची घरघर एकदम जाते.

आरती_प
अहो सुमंत, आवाज स्वच्छच आहे, मामा स्वच्छ नाही बोलत 😤 वस्तू कॅमेरा आहे.

मंजूताई
मी मागे वॉशिंग मशीन विकलं तेव्हा जाहिरातीत दोष लिहिलाच नाही, फोन आला की सांगायचं. आधीच लिहिलं तर कोणी फोनच करत नाही बघ. फोटो मात्र उजेडात काढ.

छायाप्रकाश
आरती, मामा जे बोलले ते जसंच्या तसं इथे टाक, स्वतःहून काही नीट करू नकोस.

रिकामटेकडा
कीबोर्डच्या माइकपुढे नोट वाजव, आपोआप टाइप होईल.

आरती_प
ते करून झालं. अठरा-पंचावन्नचं १८५५ झालं. हाताने लिहिलंय, घ्या:

"हां तर कॅमेरा निकॉनचा, डी त्रेपन्नशे, घेऊन पाच वर्षं झाली असतील, नाही थांब, मुलगी शाळेत होती तेव्हा घेतला म्हणजे सात तरी होतील. बॅटऱ्या दोन आहेत, एक लगेच उतरते. अठरा-पंचावन्नची लेन्स ठणठणीत. मोठी लेन्स पण आहे, पण ती मित्राकडे आहे, ती नको लिहूस. आणि ती पन्नासची, तिचा फोकस गेलाय, हातानेच फिरवावा लागतो, मधेच कॅमेऱ्यात एफ ई ई असं काहीतरी लुकलुकतं आणि फोटोच निघत नाही. वापर अगदी कमी आहे, फोटोचा नंबर बघ ना, आत्ता कुठे ४८७१ चाललाय. चार्जर आहे. बॅग... देईन बहुतेक, बघतो. स्क्रीनवर ओरखडा आहे पण चालू केला की दिसत नाही."

रिकामटेकडा
मस्त, शटर काउंट आयताच मिळाला की. "फक्त ४८७१ फोटो" असं मोठ्या अक्षरात पहिल्याच ओळीत टाक.

छायाप्रकाश
अजिबात टाकू नकोस. तो फाइलचा नंबर आहे. निकॉनमधे तो ९९९९ पर्यंत जातो आणि परत ०००१ पासून सुरू होतो, शिवाय सेटिंगप्रमाणे कार्ड फॉरमॅट केल्यावरही पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. म्हणजे ४८७१ चे १४८७० सुद्धा असू शकतात.

आता कामाचं. मामांचं एकेक विधान वेगळ्या ओळीवर घे. मथळ्यांचा विचार आत्ता करूच नकोस, काला होतो तो तिथेच. मग तीन गोष्टी बघ. एक, स्वतःच खोडलेलं कुठलं: पाच वर्षं गेली, सात राहिली, तीही "अंदाजे" लावून, कारण बिल बघितलेलं नाही. दोन, "देईन बहुतेक, बघतो" असलं काहीही जाहिरातीत जात नाही, ते मामांना विचारायच्या यादीत जातं. मोठी लेन्स तर विसरूनच जा, फोटोतही येऊ देऊ नकोस, नाहीतर प्रत्येक जण तीच मागेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मामांना जे दिसलं ते, आणि त्यावरून त्यांनी जो अर्थ काढला तो, हे वेगळं कर. दिसलं काय? फोकस हाताने फिरवावा लागतो आणि fEE लुकलुकतं. अर्थ काय काढला? फोकस गेलाय. मला हा अर्थ चुकीचा वाटतोय. D5300 च्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या पद्धतीच्या AF किंवा AF-D लेन्समधेही ती नसते, त्यामुळे या बॉडीवर ती लेन्स हातानेच फोकस करावी लागते, बिघडलेली नसतानाही. आणि fEE येतं ते लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर नसली की. अशी रिंग असलेली ५० मिमी म्हणजे जवळजवळ नक्कीच जुनी लेन्स. मामांना लेन्सच्या पुढच्या कडेवर काय छापलंय ते वाचायला सांग, आणि रिंग २२ वर नेऊन लॉक करायला सांग. तरीही fEE आलं तर मात्र खरंच दोष आहे.

मंजूताई
एवढं सगळं कोण वाचणारे? "लेन्स चांगली आहे" लिहून मोकळी हो.

छायाप्रकाश
ताई, तेही नाही लिहिता येत. ऑटोफोकस चालतो की नाही हे मोटर असलेल्या बॉडीवर, म्हणजे D7200 वगैरेवर लावल्याशिवाय कळणार नाही. तपासलेलं नाही ते "तपासलेलं नाही" असंच लिहायचं. आणि तुमच्या वॉशिंग मशीनचा दोष फोनवर ऐकून किती जण आले हो बघायला?

मंजूताई
आले की! एकाने नेलं पण. तुम्ही लोक उगाच घाबरवता.

सुमंत७
मला वाटलं होतं पॉडकास्टबद्दल विचारताय. शटर काउंट बघायचा असेल तर फोटोतच असतो, मामांकडून एक फोटो मागवा आणि हे चालवा:

```
exiftool -ShutterCount DSC_4871.JPG
```

आरती_प
केलं. काहीच आलं नाही, नुसती रिकामी ओळ.

सुमंत७
व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आला असेल. त्यात आतली माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, आणि कॅमेऱ्यातून निघालेला, एडिट न केलेला.

छायाप्रकाश
हे बरोबर. तोवर कच्चा मसुदा घे:

निकॉन D5300, १८-५५ आणि ५० मिमी लेन्ससह
स्थिती: अंदाजे सात वर्षं जुना, एकाच मालकाने वापरलेला (हे मामांना विचार). १८-५५ व्यवस्थित चालते. शटर काउंट: —
दोष: स्क्रीनवर एक ओरखडा, बंद असताना दिसतो. दोनपैकी एक बॅटरी लवकर उतरते.
५० मिमी लेन्सबद्दल: या बॉडीवर हाताने फोकस करावा लागतो. मोटर असलेल्या बॉडीवर तपासलेली नाही.
सोबत मिळेल: दोन बॅटऱ्या, चार्जर.

बघ, ओरखडा "दिसत नाही" हे मामांचं वाक्य मी उलटं केलंय. गिऱ्हाईक कॅमेरा हातात घेतं तेव्हा तो बंदच असतो. त्या ओरखड्याचा बंद स्क्रीनवरचा, तिरक्या उजेडातला एक फोटो लाव. ५० ची गोष्ट मुद्दाम दोषांत टाकलेली नाही.

रिकामटेकडा
मी तरी हे सगळं एका परिच्छेदात लिहिलं असतं, मोबाइलवर मथळे फार जागा खातात.

छायाप्रकाश
मग "चार्जर आहे का?" असे पन्नास मेसेज येतात.

आरती_प
मामाचा फोन आलेला. लेन्सवर "AF NIKKOR 50mm 1:1.8 D" आहे आणि रिंग ८ वर होती 🙈 २२ वर नेली तर fEE गेलं, फोटो निघाले. बॅगेचं अजून "बघतो"च चाललंय. मूळ फोटो रात्री पाठवतो म्हणालाय. पण आता म्हणतोय लेन्स चांगली आहे तर ती विकायचीच नाही.

मंजूताई
बघ, म्हटलं नव्हतं फोनवरच बोलावं.

सुमंत७
नाही विकली तर मथळ्यातून ५० मिमी काढा, आणि फोटोतूनही.