मिरजेला २ लाख १० हजार गेले, पेठेत १ लाख ६५ हजार अडकले. ही मर्यादा हवी कशाला?

विश्रामबागवाला (धागाकर्ता)
शनिवारी सकाळी भाच्याला यूपीआयने ४० हजार पाठवले. दुपारी मिरजेच्या दवाखान्यात आईच्या ऑपरेशनचे २ लाख १० हजार भरले, एका झटक्यात गेले. संध्याकाळी सांगलीत सराफाकडे पुतणीच्या लग्नाचे १ लाख ६५ हजार भरायला गेलो तर फेल. ६५ हजार टाकून पाहिले, तेही फेल. शेवटी ६० हजार गेले! खात्यात पैसे होते. बाकीचे कार्ड घासून दिले. माझ्याच पैशांना ही आडकाठी कशासाठी? मर्यादा काढूनच टाकावी, असं माझं मत. तुमचं?

कृष्णाकाठ
शंभर टक्के सहमत. ॲप बदलून बघायचं होतं. मी तेच करतो, आणि रात्री बारानंतर तर सगळं मोकळंच होतं.

जुना_कारकून
कृष्णाकाठ, ॲप बदलून उपयोग नाही. मोजणी बँक करते, खातं तेच तर हिशोबही तोच. दुसऱ्या बँकेचं खातं जोडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि बाराचा ठोकाही सगळीकडे चालत नाही. बऱ्याच बँका व्यवहार झाल्यापासून २४ तास मोजतात.

आता धागाकर्त्याचा हिशोब बघा. सकाळचे ४० आणि संध्याकाळचे ६०, बरोबर एक लाख. म्हणजे सराफाचे पैसे बँकेने भाच्याच्याच रांगेत धरले. माणसाने माणसाला पाठवायला दिवसाला एक लाख. दवाखान्याची रांग वेगळी, तिथे एका वेळी पाच लाखांपर्यंत जातात. दागिन्यांच्या दुकानालाही १५ सप्टेंबर २०२५ पासून एका वेळी दोन लाख आणि दिवसाला सहा लाखांची मुभा आहे. मग तुमचे का अडले? माझा अंदाज, काउंटरवरचा क्यूआर दुकानाचा नव्हताच. वाढीव मर्यादा फक्त बँकेने पडताळलेल्या आणि त्या-त्या धंद्याच्या नावाने नोंदलेल्या व्यापाऱ्याला मिळते. स्कॅन केल्यावर नाव काय आलं होतं, पेढीचं की माणसाचं?

यार्डातला_अडत्या
माझं दुखणं बघा की आधी. हळदीच्या हंगामात हमालांना सातशे-आठशे रुपये पाठवतो. विसावा गेला की एकविसाव्याला बोंब! रक्कम सोळा हजारांच्या वर गेलेली नसते. ही कसली एक लाखाची मर्यादा?

जुना_कारकून
ती रकमेची नाही, संख्येची. अनेक बँका २४ तासांत वीसच व्यवहार करू देतात. पडद्यावर Z7 आलं की संख्या संपली असं समजा, आणि Z8 आलं की ती रक्कम बँकेच्या एका वेळच्या मर्यादेबाहेर गेली.

सासरेबुवांची_सून
मर्यादा काढा म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसाने तीन तास बसवून ठेवलं. एक लाख गेले, पुढचा हप्ता फेल झाला. तेवढ्यात दीर घरी आले, १९३० ला फोन लावला. मर्यादा नसती तर एफडी मोडलेली सगळी रक्कम गेली असती.

कृष्णाकाठ
ताई, वाईट वाटलं. पण पट्टीचा चोर असता तर बँकेत पाठवून आरटीजीएस करायला लावलं असतं. दाराला कडी लावायची आणि खिडकी सताड उघडी!

सासरेबुवांची_सून
बँकेत जाईपर्यंत माणूस फोनवरून उठतो. रस्त्यात कुणीतरी विचारतं, कुठं चालला काका. आम्हाला तेवढाच वेळ हवा होता.

विश्रामबागवाला
कारकून, ॲपमध्ये जाऊन पाहिलं. नाव पेढीचं नाही, मालकांच्या सौभाग्यवतींचं आहे. फोन केला तर म्हणाले, "दुकानाचा क्यूआर बिघडलाय, तोवर हा लावलाय." बिल मात्र पेढीच्या नावाचं! सूनबाईंचं पटतं, माणसाला पाठवताना लगाम असू दे. पण दुकानाने कुठला क्यूआर लावलाय हे गिऱ्हाइकाने का शोधत बसायचं?

जुना_कारकून
बरोबर आहे, पण पैसे तुमचे अडतात म्हणून विचारायचंही तुम्हीच. मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया टाकून नाव बघा. पेढीचं नाव आलं तरी बँकेने स्वतःची मर्यादा खाली ठेवलेली असू शकते. तिला ती मुभा आहे. तेव्हा तुमच्या बँकेला आधी विचारून ठेवा.

कृष्णाकाठ
म्हणजे सोनं घ्यायच्या आधी बँकेला फोन, सराफाला एक रुपया आणि तरीही कार्ड खिशात. त्यापेक्षा चेक काय वाईट होता?

यार्डातला_अडत्या
चेक सराफ घेतो हो, हमाल नाही घेत. माझ्या एकविसाव्याचं काय ते सांगा.