एकच आलेख तिन्हीकडे: तिप्पट काम कशाला?

मूळ पोस्ट (सह्याद्रीवासी): छत्तीस जिल्ह्यांच्या पावसाचा सरासरीपेक्षा कमी-जास्त टक्क्यांचा स्तंभालेख एकदा नीट काढा, एसव्हीजीत सेव्ह करा, विषय संपला. कितीही ताणा, फाटत नाही. अहवाल, स्लाइड, मोबाईल, सगळीकडे तोच टाका. तीन-तीन आलेख काढायला लावणारे नुसते तास फुगवतात.

शाईवाला: फाटत नाही हे कबूल. पण अक्षरं बारीक होतात त्याचं काय? ए-फोर पानावर आलेख १७ सेंमी रुंद, जिल्ह्यांची नावं ८ पॉइंटात उभी लावली तर बसतात, कारण प्रत्येक स्तंभाला साधारण पावणेपाच मिलिमीटर मिळतात. तोच आलेख साडेसहा सेंमी रुंद मोबाईलवर आला की ८ पॉइंटाचे होतात ३. चित्र धारदार, पण वाचणार मुंगी.

सह्याद्रीवासी: दोन बोटांनी मोठं करता येतं की! आणि स्लाइडवर तर उलट आहे. तिची रुंदी जवळपास ३४ सेंमी, म्हणजे ८ चे १६ झाले. आता काय अडचण?

शाईवाला: मोठं केल्यावर नाव दिसतं, तेव्हा शून्याची रेघ पडद्याबाहेर गेलेली असते. मग स्तंभ वर आहे की खाली, हे आठवून सांगायचं? मोबाईलसाठी आलेख आडवा पाडा. नाव डावीकडे, पट्टी उजवीकडे, एकेका जिल्ह्याला २० पिक्सेल. छत्तिसांचे ७२० होतात, अंगठ्याने खाली सरकत जायचं. जिल्ह्यांचा क्रमही बदला, नावांच्या अकारविल्हे ऐवजी तुटीच्या क्रमाने लावा, म्हणजे पहिल्या पडद्यावरच वाईट जिल्हे येतात. छापील पानावर मात्र अकारविल्हेच बरी, तिथे माणूस आपला जिल्हा शोधतो.

शेवटची रांग: स्लाइडचे १६ पॉइंट सांगणाऱ्याने एकदा माझ्याशेजारी येऊन बसावं. छत्तीस नावं, तीही उभी. मान वाकडी करेपर्यंत वक्ते पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. तिथे ३१ स्तंभ राखाडी करा, बोलायचे तेवढे पाच रंगवा, आणि नावंही त्या पाचांचीच, मोठी.

सह्याद्रीवासी: म्हणजे ३१ जिल्ह्यांची नावं उडवायची. उद्या त्यातलाच कोणी उठून विचारेल, आमचं काय?

शेवटची रांग: त्याला छापील पान द्या ना, साहेब!

कोकणी माणूस: तुमचं ठीक चाललंय, माझं तर पहिल्याच पायरीवर अडतं. मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी नावं लिहिली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते, जोडाक्षरं सुटतात. ‘सिंधुदुर्ग’ वाचवत नाही. फॉन्ट बदलून पाहिला, काही फरक नाही.

आकडेमोड: फॉन्टचा दोष नाही. अक्षरं जुळवून बसवण्याचं काम मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्या करत नाहीत, एकेक आकृती ओळीने मांडतात. यावर एक उपाय चालतो:

```
plt.rcParams['svg.fonttype'] = 'none'
```

मग एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. पीएनजीत मात्र तुटकंच येईल.

नोकरीपेशा: एवढी मारामारी कशाला? नावं इंग्रजीत टाका, मोकळे व्हा.

कोकणी माणूस: छान! अहवाल मराठीत, वाचणारा शेतकरी मराठी, आणि नावं इंग्रजीत. तुमच्या पगारपत्रकाची नावं मोडीत टाकू का?

शाईवाला: आणि देवनागरीला वर-खाली मात्रा लागतात. इंग्रजी ७ पॉइंटात चालतं तिथे आम्ही ८ च्या खाली उतरत नाही, नाहीतर रफार आणि अनुस्वार यांचा एकच ठिपका होतो.

नोकरीपेशा: बरं बाबा, तुम्हीच शहाणे.

मळ्यातून: रंगाबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या पंचायतीत येतं ते झेरॉक्स. तुटीचा लाल आणि जादाचा निळा, दोन्ही एकसारखे करडे.

आकडेमोड: या आलेखात तेवढं चालून जातं, रेघेच्या खाली म्हणजे तूट. पण उणे २० ते उणे ५९ टक्के ‘तूट’ आणि त्याच्याही खाली ‘मोठी तूट’, हे दोन वर्ग नुसत्या दोन लाल छटांनी दाखवले असतील तर मेले. एक फिका, एक गडद ठेवा, आणि झेरॉक्स काढूनच पाहा.

हवामानप्रेमी: सगळे आकारावर भांडताय. मोबाईलवर जागा नाही म्हणून खालची टीप पहिली उडते, ‘सरासरी १९७१ ते २०२०’ ही. ती गेली की टक्के कशाच्या तुलनेत ते कळत नाही, आणि जुन्या सरासरीवरचा आलेख शेजारी ठेवून लोक भांडत बसतात. शीर्षकाखालीच घाला ती.

सह्याद्रीवासी: ठीक आहे, मोबाईलचा वेगळा करतो, खूश? पण दर आठवड्याला आकडे बदलतात. हाताने तीन काढलेत तर स्लाइडवर उणे २४ आणि पानावर उणे २१ येणार, हे लिहून ठेवा.

आकडेमोड: ते खरं आहे. म्हणून आकड्यांची फाइल एकच ठेवा, तीन मांडण्या तिच्यावरूनच काढा.

शेवटची रांग: आणि स्लाइडवरचे पाच जिल्हे कोण निवडणार?

सह्याद्रीवासी: तुम्हीच निवडा. मी आधीच वाईट ठरलोय.