मिडसेमपेक्षा अंतिम पेपर चांगला गेला, तर त्याचे वेटेज वाढावे का?

मल्हारगंजकर
माझी मुलगी इंदूरच्या एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी. करते. तिच्या संख्याशास्त्राच्या पेपरात गृहपाठाला २०, मिडसेमला ३० आणि अंतिम परीक्षेला ५० टक्के वेटेज आहे. अंतिम परीक्षेतील टक्केवारी मिडसेमपेक्षा जास्त आली, तर मिडसेमचे वेटेज १० होते आणि अंतिम परीक्षेचे ७०. तिला गृहपाठात २० पैकी १६ आणि मिडसेममध्ये ५० पैकी २१ मिळाले आहेत. एकूण ६० येण्यासाठी ८० गुणांच्या अंतिम पेपरात किती हवेत? आणि हा नियम तुम्हांला न्याय्य वाटतो का?

स्नेहलतागंज
नियमाचा लाभ मिळणार की नाही, हे निकाल लागल्याखेरीज कळत नाही, म्हणून हिशेब साध्या वेटेजनेच करावा. गृहपाठाचे १६ आणि मिडसेमच्या ४२ टक्क्यांचे १२.६ मिळून २८.६ होतात. उरलेले ३१.४ पन्नासच्या वेटेजमधून यायचे, म्हणजे ६२.८ टक्के हवेत. ८० पैकी साडेपन्नास धरून चाला. नियमाबद्दल विचाराल, तर मला तो पसंत नाही. परीक्षा झाल्यावर तिचे वजन बदलणे म्हणजे तराजूत माल ठेवल्यावर माप बदलण्यासारखे आहे.

निवृत्त शिक्षिका, पलासिया
लाभ मिळेल की नाही हे आधी कळत नाही, असे वर म्हटले आहे. पण या प्रकरणात ते आजच कळते. अंतिम परीक्षेतही मुलीला नेमके ४२ टक्केच पडले असे समजा. तेव्हा दोन्ही पद्धतींनी एकूण सारखेच येते, कारण मिडसेम आणि अंतिम परीक्षा मिळून वेटेज ८० आहे आणि ४२ टक्क्यांचे ८० म्हणजे ३३.६. त्यात गृहपाठाचे १६ मिळवले की ४९.६ होतात. हा वळणाचा आकडा. तिला ६० हवे आहेत, ते याच्या वर आहेत, म्हणजे ६० गाठणाऱ्या कोणत्याही निकालात अंतिम परीक्षेची टक्केवारी मिडसेमच्या पुढे गेलेलीच असणार. म्हणून हिशेब वाढीव वेटेजनेच करायचा: गृहपाठाचे १६, मिडसेमचे ४.२, मिळून २०.२, उरले ३९.८, ते सत्तरच्या वेटेजमधून. उत्तर ५६.८६ टक्के येते.

८० गुणांच्या पेपरात हे ४५.४९ होतात. अर्धा गुण देण्याची पद्धत असेल, तर साडेपंचेचाळीस पुरतात आणि एकूण ६०.०१ येते. अर्धा गुण देत नसतील, तर ४६ हवेत, कारण ४५ वर एकूण ५९.५८ इतकेच भरते आणि ते साठ धरायचे की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय आपापल्या पद्धतीने ठरवते.

उलट, केवळ ४० गुणांनी उत्तीर्ण व्हायचे असते, तर चाळीस हे ४९.६ च्या खाली असल्यामुळे साधे वेटेज लागू पडले असते आणि २२.८ टक्के पुरले असते. तेथे कोणी वाढीव वेटेज लावले, तर उत्तर २८.३ येते, पण ते बेचाळीसच्या खाली असल्याने ज्या अटीवर सूत्र लावले तीच मोडते. चूक ओळखण्याची खूण हीच. गोंधळ वाटला, तर दोन्ही सूत्रांनी उत्तर काढावे आणि लहान आकडा घ्यावा. हा नियम नेहमी विद्यार्थ्याला लाभदायक ठरणारी बेरीजच निवडतो. मात्र अंतिम पेपरात वेगळ्याने किमान गुणांची अट आहे का, हे आधी पाहून घ्या.

सुखलियाचा मामा
असले नियम केवळ कागदावर असतात. माझ्या भाच्याच्या महाविद्यालयातही हाच नियम आहे. त्याला मिडसेममध्ये २१ आणि अंतिम परीक्षेत ३२ गुण होते, तब्बल अकरा जास्त, तरीही वेटेज बदलले नाही. आम्ही अर्ज केला, तोही फेटाळला गेला.

निवृत्त शिक्षिका, पलासिया
मामा, त्याच्याही परीक्षा ५० आणि ८० गुणांच्या होत्या का? तसे असेल, तर ५० पैकी २१ म्हणजे ४२ टक्के आणि ८० पैकी ३२ म्हणजे ४० टक्के. गुण वाढले, टक्केवारी मात्र उतरली. अशा वेळी वेटेज बदलले असते, तर त्याचे ०.४ गुणांचे नुकसानच झाले असते. तुलना टक्केवारीची होते, हे नियमपत्रकात ठळक लिहिले नसेल, तर तो दोष महाविद्यालयाचा, तुमचा नव्हे.

सुखलियाचा मामा
पेपर तेवढ्याच गुणांचे होते. हे आम्हांला कोणी समजावून सांगितले असते, तर अर्जच केला नसता.

स्नेहलतागंज
बाईंचा हिशेब मी ताळा करून पाहिला आणि तो मान्य आहे. माझे साडेपन्नास चुकले. पण त्याच हिशेबाने माझा विरोध अधिक पक्का झाला. गृहपाठात तेच १६ असलेला एखादा मुलगा मिडसेमला बसलाच नाही, असे धरा. साध्या वेटेजने त्याला ६० साठी अंतिम परीक्षेत ८८ टक्के मिळवावे लागतील. या नियमाने ६२.८६ पुरतात. म्हणजे जिने मिडसेमसाठी अभ्यास करून ४२ टक्के मिळवले, तिला न बसलेल्या मुलापेक्षा केवळ सहा टक्क्यांची सवलत! ज्याच्या हाती हा हिशेब लागेल, तो मिडसेमच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाचा अभ्यास करील, आणि अर्धे सत्र संपेपर्यंत वर्गात कोणाला काय कळले, याचा शिक्षकांना पत्ताच लागणार नाही.

भंवरकुआंची विद्यार्थिनी
काका, मी त्याच मुलाच्या जागी होते. मिडसेमच्या दिवशी मला डेंग्यूचा ताप होता, तशीच परीक्षेला गेले आणि १८ टक्के घेऊन परत आले. अशाच नियमामुळे माझे वर्ष वाचले. सत्राच्या शेवटी मला सगळा विषय येत होता. ऑगस्टमधल्या एका सकाळीचा हिशेब मी डिसेंबरपर्यंत का वाहावा?

स्नेहलतागंज
आजारी मुलांसाठी फेरपरीक्षा असावी, याबद्दल दुमत नाही. एका आजारी मुलीसाठी सगळ्या वर्गाचे माप बदलू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त शिक्षिका, पलासिया
फेरपरीक्षेसाठी प्रमाणपत्र मागतात, आणि घरातली अडचण, पहिल्या सत्रातले बिचकणे यांचे प्रमाणपत्र कोठे मिळत नाही. म्हणून मी नियमाच्या बाजूने आहे. त्यातली एक उणीव मात्र मला खटकते. मिडसेमचा पेपर अवघड आणि अंतिम पेपर सोपा निघाला, तर जवळजवळ सगळ्यांची टक्केवारी वाढते आणि वाढीव वेटेज सरसकट लागू होते. उलट घडले, तर खरोखर प्रगती केलेल्या मुलालाही काही मिळत नाही. टक्केवारीऐवजी वर्गाच्या सरासरीपासून किती वर किंवा खाली, याची तुलना केली, तर हे पुष्कळसे टळेल. पण मग किती गुण लागतील, हे विद्यार्थ्याला आधी काढता येणार नाही.

मल्हारगंजकर
सगळ्यांचे आभार. साडेपंचेचाळीस हा आकडा तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. पण आत्ताच ती म्हणाली, की श्रेणी सगळ्या वर्गाच्या एकूण गुणांवरून ठरते, साठची रेषा पक्की नाही. तिच्यासारख्या सगळ्यांचेच एकूण या नियमाने वाढणार असेल, तर ती रेषाही वर सरकेल ना?

निवृत्त शिक्षिका, पलासिया
सरकेल, आणि किती सरकेल हे आज कोणालाच काढता येणार नाही. गेल्या सत्रात त्या श्रेणीची रेषा कितीवर होती, हे तिला विभागात विचारायला सांगा.