वकिलांनी, पण न्यायाधीशांनी

‘वकिलांनी ऱ्हस्व, तर न्यायाधिशांनी का नको?’

न्यायाधीश हा तत्सम शब्द आहे, आणि तत्सम शब्दांतला उपांत्य दीर्घ ईकार सामान्यरूपातही दीर्घच राहतो. वकील, जमीन हे अरबी-फारसीतून आलेले शब्द असल्याने त्यांचा ईकार विभक्ती लागताच ऱ्हस्व होऊन वकिलांनी, जमिनीचा अशी रूपे होतात. (तारीख मात्र थेट ‘तारखेला’ होते.) आमच्या बेळगावकडे या गोंधळात कन्नडचीही भर पडते, कारण कन्नडमध्ये ‘वकीलरु’, ‘जमीनिन’ असा दीर्घ उच्चार प्रत्ययापूर्वीही टिकतो आणि कन्नडवरून मराठी मसुदा करणाऱ्याच्या हातून ‘वकीलांनी’, ‘जमीनीचा’ सहज उतरते.

गेल्या महिन्यात जमिनीच्या वादातील एका याचिकेचा मसुदा तपासताना मी संगणकावर ‘वकील’ शोधून सरसकट ‘वकिल’ केले आणि फसलो: ‘वकिलांनी’ बरोबर झाले, पण ‘अर्जदाराचे वकील’ आणि सहीखालचा ‘वकील’ दोन्ही बिघडले. आता मी ‘वकीला’ एवढेच शोधून ‘वकिला’ करतो, कारण ‘ल’ला आकार असेल तरच ते सामान्यरूप असते; तसेच ‘न’ला ईकार असलेले ‘जमीनी’ शोधून ‘जमिनी’ करतो. ‘न्यायाधीश’ला हात लावत नाही.