सांबरशिकार, हमी की भरवसा?

अनुवादी: खेळ-सिद्धांतावरच्या एका लेखात ‘स्टॅग हंट’ आले आहे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या महागड्या संयुक्त संशोधनात उतरायचे की नाही, हे एकमेकींना न विचारता ठरवतात. ‘सांबरशिकार’ चालेल? आणि लेखातल्या दोन ‘इक्विलिब्रियम’साठी ‘दोन समतोल’ कसे वाटते?

काथ्याकूट: हा तर कैद्यांचा पेच! नवा शब्द कशाला? दोघे आपापला स्वार्थ बघतात आणि दोघांचेही नुकसान होते.

जुना पाटीवाला: अर्धे बरोबर. आकडे मांडून बघा. प्रत्येकीचा खर्च ४०. दोघी उतरल्या तर प्रत्येकीला १०० मिळतात, म्हणजे ६० उरतात. एकटीने उतरल्यास काम तडीला जात नाही, ४० बुडतात. बाहेर राहून नेहमीचे काम केले की २० नक्की. आता समोरची उतरणार हे मला ठाऊक असेल, तर मीही उतरण्यातच माझा स्वार्थ आहे. कैद्यांच्या पेचात दगा देणेच फायद्याचे असते, इथे तसे नाही.

फाटका करार: आमच्याकडे हेच झाले. आम्ही पैसे ओतले, समोरच्यांनी हात आखडला आणि आमचे निष्कर्ष फुकट वापरले.

जुना पाटीवाला: वाईट झाले, पण ती सांबरशिकार नव्हे. बाहेर राहणाऱ्याला फुकटात फळ मिळत असेल, तर काथ्याकूट यांचा पेच लागू होतो. इथे एकटीच्या खर्चातून काहीच निघत नाही, मग चोरायचे काय?

अनुवादी: मग ‘समतोल’?

जुना पाटीवाला: दोघी आत किंवा दोघी बाहेर, दोन्ही ठिकाणी एकटीने हलण्यात तोटा. ‘समतोल’ म्हटले की वाटण्या सारख्या झाल्या असे वाटते. शिवाय तो शब्द विशेषणही आहे, त्यामुळे ‘दोन समतोल’ अर्धवट ऐकू येते. मी ‘समतोलबिंदू’ लिहीन.

काथ्याकूट: ६० मिळत असताना २० वर कोण बसेल?

जुना पाटीवाला: घाबरलेला. समोरची उतरण्याची शक्यता ६० टक्क्यांहून कमी वाटली, की बाहेर राहणेच शहाणपणाचे. त्या रेषेवर उतरण्याची सरासरी नेमकी २० येते: ६० चे ०.६ पट ३६, त्यातून ४० चे ०.४ पट, म्हणजे १६, वजा. रूसोने १७५५ मध्ये हेच सांगितले: हरणासाठी दबा धरलेला माणूस जवळून ससा गेला की जागा सोडतो.

शब्दवेडी: या खेळाला ‘हमीचा खेळ’ असेही म्हणतात ना? मला ‘हमी’ खटकते. हमी दुसरा देतो. ६० टक्के हा आपल्या मनातला भरवसा आहे.

जुना पाटीवाला: फरक छान पकडलात. एकटी उतरलेल्या कंपनीला ३० परत मिळतील असे कलम घातले, तर ती हमी. मग बुडतात फक्त १० आणि लागणारा भरवसा ४३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. दोन्ही शब्द हवेत.

अनुवादी: शीर्षकात ‘भरवशाचा खेळ’ घेते. सांबर ठेवू की हरीण?

शब्दवेडी: हरीण. सांबर म्हटले की मला आधी वाटी दिसते.

काथ्याकूट: सांबरच. हरीण एकट्यालाही मारता येते.