मदत हवी आहे: आरजीबी पट्टीचा पांढरा रंग टोकाला तांबूस दिसतो

रंकाळ्याकाठची

नमस्कार. आमच्या हॉलच्या पीओपी सीलिंगच्या खाचेत रंग बदलणारी पट्टी लावली आहे. ५ मीटरचा एक रोल, १२ व्होल्ट, मीटरला ६० एलईडी. सोबत ४४ बटणांचा रिमोट आणि छोटा पांढरा कंट्रोलर आला होता. १० अँपिअरचा एसएमपीएस वेगळा घेतला. एसएमपीएस आणि कंट्रोलर टीव्ही युनिटमध्ये ठेवले आहेत आणि तिथून पट्टीच्या सुरुवातीपर्यंत ६ मीटर चार तारांची चपटी केबल भिंतीतल्या पाइपमधून नेली आहे.

नुसता लाल लावला तर पट्टी सगळीकडे सारखी दिसते. नुसता निळाही ठीक वाटतो. पण पांढरा लावला की सुरुवातीलाच जरा पिवळट आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये चक्क तांबूस. दुकानदार म्हणतो पट्टी बदलून देतो. दोष खरंच पट्टीत असेल का? पट्टी काढायची तर पीओपीला धक्का लागणार, आणि गणपतीला तीन आठवडे उरलेत.

सचिन_के

व्होल्टेज ड्रॉप आहे, पट्टी बदलू नका. निगेटिव्ह बारीक पडतेय. केबलमध्ये जी काळी तार आहे तिच्याऐवजी जाड काळी वायर थेट एसएमपीएसच्या मायनसवरून पट्टीपर्यंत आणा. मी बाइकच्या लाइटला असंच केलं होतं, लगेच फरक पडला.

तारकाका

थांबा, ताई, हे अजिबात करू नका. सचिन, तुझं निदान बरोबर आहे, पण तार उलटी सांगितलीस.

ताई, पट्टीवर जिथे कात्रीची खूण असते तिथे चार पॅड दिसतील. त्यावर `+12V G R B` असं छापलेलं असतं. या पट्टीला मायनस नावाची तारच नसते. कॉमन असतो तो प्लस, आणि लाल, हिरवा, निळा या तीन तारांची मायनसची बाजू कंट्रोलर चालू-बंद करतो. बऱ्याच पट्ट्यांमध्ये `+12V` च्या पॅडला नेमकी काळी तार लावलेली असते. आपल्याकडे काळी म्हणजे मायनस हे हाताला इतकं बसलेलं असतं की चांगले वायरमनही इथे फसतात. त्या काळ्या तारेला एसएमपीएसचा मायनस जोडला तर सरळ शॉर्ट. एसएमपीएस टिक-टिक करत बंद-चालू होईल, नाहीतर बारीक केबल तापेल. तेव्हा रंग बघू नका, पॅडवरची अक्षरं बघा.

आता पांढराच का बिघडतो ते सांगतो. नुसता लाल लावला की कॉमनमधून एकट्या लालचा करंट जातो. पांढऱ्याला तिन्ही रंग पूर्ण लागतात आणि तिघांचा करंट त्या एकाच कॉमनमधून जातो. रंगांच्या तारांवर प्रत्येकी एक वाटा, कॉमनवर तीन. केबलमध्ये मात्र चारही तारा सारख्याच बारीक. म्हणून सगळ्यात जास्त व्होल्टेज कॉमनवर पडतं.

तांबूस होण्याचं कारण एलईडीमध्ये आहे. पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक असतात. लाल तिघांना मिळून साधारण ६ व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्यांना ९ च्या पुढे लागतात. व्होल्टेज खाली आलं की निळा-हिरवा आधी मंदावतात आणि लाल उरतो.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजा. पांढरा पूर्ण ब्राइटनेसवर स्थिर ठेवा. रंग बदलत असताना किंवा ब्राइटनेस कमी असताना कंट्रोलर झपाट्याने चालू-बंद करत असतो, मीटरवरचा आकडा खरा येत नाही. कंट्रोलरपाशी, पट्टीच्या सुरुवातीला आणि टोकाला `+12V` आणि `G` मधलं व्होल्टेज घ्या.

गौरी_नाशिक

माझ्याकडे पण रंगांचा असाच घोळ आहे. पट्टीला तीनच तारा आहेत आणि रिमोटने काही होतच नाही. कॉमन जाड केली तर चालेल का?

तारकाका

गौरीताई, तीन तारा म्हणजे बहुधा प्रत्येक एलईडी वेगळा चालवणारी पट्टी. तिच्यात एक तार डेटाची असते, तिला कंट्रोलरच वेगळा लागतो. आधी मागे ५ व्होल्ट लिहिलंय की १२ ते बघा, आणि चार तारांचा कंट्रोलर लावला असेल तर काढून ठेवा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

रंकाळ्याकाठची

काका, मोजलं. पॅडवर खरंच `+12V` ला काळी तार आहे! कंट्रोलरपाशी ११.९, पट्टीच्या सुरुवातीला १०.५, टोकाला ९.७. लांब वायर घेऊन केबलमधल्या एकेका तारेच्या दोन टोकांमध्येही मोजलं: काळीवर १.१ व्होल्ट, हिरवीवर फक्त ०.३.

तारकाका

शाब्बास, यातच उत्तर आलं. केबलमध्ये गेलेल्या १.४ पैकी १.१ एकट्या कॉमनने खाल्ले. पाइपमधून दीड स्क्वेअर एमएमची एकच वायर ओढा, एसएमपीएसच्या प्लसपासून पट्टीच्या `+12V` पॅडपर्यंत. या कंट्रोलरमध्ये प्लस नुसता आरपार जातो, त्यामुळे कॉमन थेट एसएमपीएसवरून घेतली तरी रिमोट सगळे रंग नीट चालवतो. तीच वायर खाचेतून पुढे नेऊन टोकाच्या `+12V` लाही झाळा. रंगांच्या तीन तारा आहेत तशाच राहू द्या.

त्या वायरीला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. पुढे कोणी उघडलं तर काळ्या तारेने फसणार नाही.

सचिन_के

काका, चूक मान्य. बाइकला बॉडीच मायनस असते, तेच डोक्यात होतं. मग याच कंट्रोलरवर अजून ५ मीटर जोडता येईल का? एसएमपीएस १० अँपिअरचा आहेच.

तारकाका

एसएमपीएस पुरेल की नाही तो नंतरचा प्रश्न, आधी कंट्रोलर अडतो. अशा कंट्रोलरच्या मागे बहुतेक वेळा चॅनलला २ अँपिअर लिहिलेलं असतं. असा एक रोल पूर्ण पांढऱ्याला ७२ वॅटच्या आसपास, म्हणजे ६ अँपिअर, रंगाला २. तो एका रोलमध्येच काठोकाठ भरला. कॉमन कितीही जाड करा, रंगांचा करंट कंट्रोलरमधूनच परत येतो. दुसऱ्या रोलला आरजीबी अँप्लिफायर लावायचा: पहिल्या रोलच्या टोकाच्या चार तारा त्याच्या इनपुटला, १२ व्होल्टचा सप्लाय त्याला वेगळा.

रंकाळ्याकाठची

काल रविवारी भाऊजींनी वायर ओढून दिली. आता सुरुवातीला ११.१ आणि टोकाला १०.६ येतात. पांढरा जवळजवळ सगळीकडे सारखा दिसतो. शेवटचा हातभर भाग नीट बघितलं तर अजून किंचित पिवळट आहे. तिथे पडदा येतो, त्यामुळे आम्हाला चालेल. पण आता रिमोट सोफ्यावरून चालत नाही, टीव्ही युनिटपाशी उभं राहावं लागतं. आधी चालत होता.

तारकाका

उरलेला पिवळटपणा पट्टीतल्या हिरव्या-निळ्या पातळ तांब्याचा. तो घालवायचा तर कंट्रोलरच्या आउटपुटवरून रंगांच्या तीन ताराही टोकाला न्याव्या लागतील.

रिमोटसाठी कंट्रोलरच्या छोट्या वायरवरचा काळा डोळा बघा. वायर ओढताना तो युनिटच्या आत गेला असेल. रिमोटला तो समोर दिसावा लागतो.

रंकाळ्याकाठची

डोळा बाहेरच चिकटवलेला आहे, तरीही तेच. रिमोटचा सेलही नवा घातला. आणखी कोणाला काही सुचतंय का?